लढाईच्या प्रवेशासाठी तलवारी : कारागिराला पाठवायच्या पत्रात काय लिहावं?

पडदा_वर
नमस्कार मंडळी. नाटकाच्या तिसऱ्या अंकात लढाईचा प्रवेश आहे. आठ नट, साधारण चार मिनिटं. पुढच्या दोन जोड्या पात्याला पातं भिडवून लढतात. मागचे चौघे तलवारी उपसून धावतात, एकमेकांना रेटतात, पण त्यांची पाती एकमेकांवर आपटत नाहीत. तलवारी करणाऱ्या कारागिराला मी हे पत्र पाठवणार आहे. काही राहिलंय का ते बघा.

"सप्रेम नमस्कार. आमच्या नाटकातील युद्धप्रसंगासाठी आठ तलवारी हव्या आहेत. त्या बोथट व सुरक्षित असाव्यात, पण प्रेक्षकांना खऱ्या वाटाव्यात. वजनाला शक्य तितक्या हलक्या असाव्यात. एका पात्राचा शेवट पोटात तलवार खुपसून होतो, तेव्हा एका तलवारीचं टोक दाबल्यावर आत जाईल अशी सोय करावी. नायकाची तलवार पोलादी व जास्त चमकदार असावी, बाकीच्या ॲल्युमिनियमच्या चालतील. प्रयोगाला दीड महिना आहे. कळावे."

रंगवेडा
छान आहे की पत्र. पाठवून द्या.

कानस
थांबा, पाठवू नका. यातल्या तीन गोष्टी अपघाताला आमंत्रण आहेत: आत जाणारं टोक, एकटी पोलादी तलवार आणि "शक्य तितक्या हलक्या". शिवाय "बोथट" म्हणजे नेमकं काय, हे कारागिराला या पत्रातून कळणार नाही. तो ग्राइंडरने धार मारून देईल आणि काम झालं म्हणेल. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

तिसरी_घंटा
बाजारात शोभेच्या स्टेनलेस तलवारी तयार मिळतात. दिसायला सुंदर असतात. त्यांची धार कानसून घेतली की झालं, कारागीर कशाला?

सांधा
तिसरी_घंटा, भिंतीवर लावायला त्या उत्तम. पण त्यांची मूठ एकदा उघडून बघा. रुंद पातं मुठीच्या तोंडाशी संपतं आणि त्याला बोटापेक्षा बारीक सळई वेल्डिंगने जोडलेली असते. लढताना सगळा हिसका त्या वेल्डवर येतो. शिवाय शोभेसाठी वापरतात ते स्टेनलेस लवचिक नसतं. ते वाकून परत सरळ होत नाही, एक तर वाकडं राहतं नाहीतर तुटतं. आणि तुटतं ते मुठीपाशी. म्हणजे नटाच्या हातात मूठ राहते आणि पाऊण मीटरचं पातं सुटून कुठेही जातं, पहिल्या रांगेतसुद्धा. धार काढल्याने यातलं काहीच बदलत नाही.

तिसरी_घंटा
हे माहीत नव्हतं. धोका धारेचाच असतो असं मला वाटायचं.

कानस
बहुतेकांना तसंच वाटतं, म्हणून धारेपासूनच सुरुवात करतो.

"बोथट" हा शब्द काढून टाका आणि मापं लिहा. लढणाऱ्या तलवारीची कड किमान ३ मिमी जाड हवी आणि ती पूर्ण गोल हवी. नुसती चौकोनी सोडली तर दोन कोपरे राहतात. ते कोपरे दुसऱ्या पात्यावर आपटले की धातू दुमडून बाहेर येतो, त्याची बर होते आणि ती करवतीसारखी चिरते. तुमच्या बोथट तलवारीला दहा मिनिटांच्या तालमीत धार आलेली असते.

टोकाचंही तसंच. टोकापाशी पातं २५ मिमी रुंद ठेवायला सांगा आणि ते अर्धगोल करून घ्या, म्हणजे साधारण १२ मिमीची गोलाई. जाडी तिथेही ३ मिमीच्या खाली नको. लांबून ते टोकदारच दिसतं, कारण पातं मुठीपासून निमुळतं होत आलेलं असतं. आणि एवढं करूनही चेहऱ्याच्या दिशेने भोसकण्याची हालचाल बसवायची नाही. डोळ्यासाठी कुठलंही टोक बोथट नसतं.

आता आत जाणारं टोक. अशा तलवारीत पातं पोकळ नळीत सरकतं. आडवा वार झेलला की नळी किंचित चेपते, मग पातं आत सरकत नाही. ते अडकलंय हे कुणाला कळतं? ज्याच्या पोटाला लागतं त्याला. तो प्रसंग बसवण्यातून सोडवा: मरणाऱ्या नटाचं अंग तिरकं ठेवा, प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला त्याचा हात आणि बरगड्या यांच्या मधल्या जागेतून पातं मागे जाऊ द्या आणि त्याने कोपर मिटून ते धरावं. प्रेक्षकाला पातं आत गेलेलंच दिसतं. त्यासाठी वेगळी तलवार लागत नाही.

नेपथ्यवाली
कानस यांना अनुमोदन. एक भर: मरणाऱ्याने आधी स्वतःच्या हाताने पातं धरायचं आणि मग मारणाऱ्याने ढकलल्यासारखं करायचं. पातं कुठे आणि किती जातं याचा ताबा मरणाऱ्याकडे राहिला पाहिजे.

चिमणराव_नाही
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. शाळेच्या कार्यक्रमात दहा वर्षांची मुलं लढाई करणार आहेत. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या किती लांबीच्या तलवारी घ्याव्यात?

नेपथ्यवाली
कुठल्याच नको. त्या वयात धातू नाही आणि जाड लाकूडही नाही. फोमच्या घ्या. आतली फायबरची काठी टोकाच्या चार-पाच सेंमी आधी संपलेली हवी आणि काठीच्या टोकाला रबराचं टोपण हवं. मुलं टोकं जमिनीवर टेकवत राहतात, मग काठी हळूहळू फोम फाडून बाहेर येते. दर वेळी टोक दोन बोटांत दाबून बघा, आत कडक लागलं की ती तलवार बाजूला काढा.

रंगवेडा
मग इथेही सगळ्यांना फोमच्याच द्या ना. प्रश्नच मिटला.

पडदा_वर
नाट्यगृह लहान आहे, पहिली रांग अगदी जवळ. फोमचं पातं भिडलं की थरथरतं आणि आवाज येत नाही. पुढच्या चौघांना ते चालणार नाही. मागच्यांना कदाचित चालेल.

कानस, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र का नको? नायकाची तलवार उठून दिसावी एवढाच हेतू होता.

कानस
पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ. दोघांची कड एकमेकींवर आपटली की पोलादाला काही होत नाही आणि ॲल्युमिनियमला दर फटक्याला खाच पडते. चार मिनिटांच्या लढाईत तीस-चाळीस वेळा पाती भिडतात असं धरा, समोरच्याचं पातं एका प्रयोगात करवत होईल. एकमेकींना भिडणारी सगळी पाती एकाच धातूची आणि एकाच प्रतीची हवीत. नायकाचं वेगळेपण मुठीत दाखवा. पितळी मूठ, वेगळ्या रंगाचं चामडं, हे तिसऱ्या रांगेतूनही दिसतं.

सांधा
धातूवरून निघालंच आहे तर सांगतो: माझं मत सगळ्याच पोलादी करा. पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद, मध्ये ४ मिमी, कडेला २.५ मिमी. आवाज खणखणीत येतो, खाचा कमी पडतात, पातं वर्षानुवर्षं टिकतं. ॲल्युमिनियमचा आवाज भांडं पडल्यासारखा येतो. आणि ॲल्युमिनियमचं पातं थकतं. पोलादाला एका मर्यादेच्या आतले हिसके कितीही बसले तरी चालतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, लहान हिसकेसुद्धा साचत जातात आणि शेवटी तडा जातो.

कानस
सांधा यांचं म्हणणं खरं आहे, पण कारागिराकडे पोलाद तापवून त्याला पाणी द्यायची आणि मग नेमक्या तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवायची सोय असेल तरच. पाणी देऊन उतरवलं नाही तर पातं काचेसारखं ठिसूळ होतं आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. ॲल्युमिनियमची ६०६१-टी६ प्रतीची पट्टी कठीण केलेलीच मिळते, कापून घासली की झालं. चूक व्हायला जागा कमी. मात्र तिला वेल्डिंग अजिबात करायचं नाही. वेल्डच्या आसपास ती पुन्हा मऊ पडते.

सांधा
चूक व्हायला जागा कमी, हे मान्य. पण मग दर प्रयोगानंतर कानस घेऊन बसायची तयारी हवी. माझं मत पोलादच.

पडदा_वर
कारागीर मुख्यतः ॲल्युमिनियमचं काम करतो, तेव्हा तेच धरून चालू. वजनाचं काय? हलकी तलवार सुरक्षित नाही का?

तोलमाप
नुसतं वजन बघू नका, तोल कुठे आहे ते बघा. खालची मापं धरून हिशेब करून दाखवतो.

पातं ७५ सेंमी लांब, मुठीपाशी ३५ मिमी आणि टोकाला २५ मिमी रुंद. मध्ये ६ मिमी जाड आणि कडेला ३ मिमी, म्हणजे सरासरी साडेचार. ॲल्युमिनियमचं हे पातं सुमारे २७५ ग्रॅम भरतं. (याच मापाचं पोलादी केलं तर ८०० च्या जवळ जाईल, म्हणून सांधा पातळ पातं सांगत आहेत.) या पात्याचा स्वतःचा तोल आडपट्टीपासून, म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधल्या आडव्या पट्टीपासून, ३५ सेंमीवर. आता आडपट्टी १२० ग्रॅम धरा आणि हातात येणारा भाग १५० ग्रॅम. मुठीच्या शेवटी वजनाचा गोळा, म्हणजे लट्टू, नसेल तर अख्ख्या तलवारीचा तोल आडपट्टीच्या पुढे १६ सेंमीवर येतो. एकूण वजन फक्त ५४५ ग्रॅम, कागदावर अगदी हलकी. पण हातात घेतली की ती पुढे ओढते. नट वार सुरू करतो आणि ठरलेल्या जागी तो थांबवू शकत नाही. दमल्यावर तर नाहीच.

आता मुठीच्या शेवटी १५० ग्रॅमचा लट्टू लावा. तोल १० सेंमीवर येतो, वजन ६९५. लट्टू २५० ग्रॅमचा केला तर तोल ७ सेंमीवर आणि वजन ८०० च्या आसपास. म्हणजे ही तलवार लट्टू नसलेलीपेक्षा हलकी नाही, उलट जवळजवळ दीडपट जड आहे, आणि तरीही टोक हवं तिथे थांबतं. ७ ते १० सेंमी यातलं काहीही मागा. पण चारही तलवारींचा तोल एकाच जागी हवा, म्हणजे तालमीत तलवारी बदलल्या तरी हात चुकत नाही.

रंगवेडा
हे तर बोटावर तलवार ठेवूनही बघता येईल!

तोलमाप
बरोबर, तसंच बघायचं. पातं एका बोटावर आडवं ठेवा, स्थिर राहील त्या जागेपासून आडपट्टीपर्यंत मोजा. तलवारी ताब्यात घेताना पहिलं हेच करा.

नेपथ्यवाली
मुठीच्या आत काय आहे यावर अजून कुणी बोललं नाही. तलवार तुटते ती तिथेच.

पातं आणि मुठीत जाणारी शेपटी एकाच पट्टीतून कापलेली हवी. पातं जिथे अरुंद होऊन शेपटी सुरू होते तिथला आतला कोपरा काटकोनात कापायचा नाही. सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. तिथे ५-६ मिमीची गोलाई सोडायला सांगा. शेपटी २० मिमीपेक्षा अरुंद नको आणि ती मुठीच्या शेवटपर्यंत गेलेली हवी. ॲल्युमिनियमच्या शेपटीवर आटे पाडून लट्टू पिळला तर आटे झिजतात, तेव्हा लट्टू आरपार पिनने बसवा. मुठीच्या दोन फळ्या आणि शेपटी यांतून ५ मिमीच्या दोन पोलादी पिना. पहिली पिन त्या गोल कोपऱ्यापासून किमान तीन सेंमी लांब, नाहीतर अशक्त जागी आपणच भोक पाडल्यासारखं होतं.

आडपट्टीची दोन्ही टोकं गोळ्यासारखी हवीत. सुंदर दिसतात म्हणून काही जण त्यांना अणी काढतात. जवळून झटापट होते तेव्हा ती अणी समोरच्याच्या मनगटात किंवा हनुवटीत जाते.

झगमग
चमक यावी म्हणून वरून क्रोम स्प्रे मारता येतो. आरशासारखं दिसतं.

नेपथ्यवाली
मागच्या चौघांच्या तलवारींना चालेल. भिडणाऱ्या पात्यावरून तो पापुद्र्याने उडतो आणि कपच्या डोळ्यात जातात. लढणाऱ्या पात्याला रंग नको. लांबीच्या दिशेने बारीक पॉलिश पेपर मारला की केसासारख्या बारीक रेषा येतात आणि दिव्याखाली ते पोलादासारखं दिसतं. आरशासारखं पॉलिश केलं तर पातं फिरताना दिव्याची तिरीप समोरच्या नटाच्या डोळ्यांवर येते, नेमकं वार झेलायच्या क्षणी. एक त्रास मात्र राहतो: उघड्या ॲल्युमिनियमचे काळपट डाग हाताला आणि पांढऱ्या कपड्यांना लागतात. प्रयोगाआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

पडदा_वर
खूपच उपयोग होतोय. खाचांबद्दल सांगा. तपासायच्या कशा आणि तलवार रद्द कधी करायची?

कानस
कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा घेऊन कडेवरून मुठीकडून टोकाकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे बर आहे. बोटाने तपासू नका. बर कानशीने काढायची आणि खाच दोन्ही बाजूंनी पसरट करत न्यायची, म्हणजे इंग्रजी व्ही सारखा खड्डा न राहता उथळ वाटीसारखा उतार होतो. व्हीच्या तळाशी तडा सुरू होतो, वाटीत होत नाही. मग कड पुन्हा गोल करा. कानसताना पात्याच्या सपाट बाजूवर जाऊ नका, तिथे घासलं की कड पातळ होते. खाच ३ मिमीपेक्षा खोल गेली असेल तर ते पातं लढाईतून काढा.

मुठीसाठी आवाज ऐका. पातं सैल धरून लट्टूवर हाताने थाप मारा. आतून खुळखुळ आली तर पिनांची भोकं लंबगोल झालीत. रोज येणारा आवाज अचानक बसका आला तर तडा शोधा, आडपट्टीच्या अगदी लगत.

सांधा
आणि पातं कडेने झेलायचं की सपाट बाजूने, हे कारागिराला आधी कळवा. सपाट बाजूने झेललं तर खाचा पडत नाहीत, पातं वर्षभर टिकतं.

लढत
सांधा, इथे असहमत. सपाट बाजूने झेललेला वार मनगट मागे ढकलतो, पातं लवतं आणि समोरच्याचं पातं घसरून आत येतं. कडेने झेललं तर मनगट आणि हात एका रेषेत राहतात. खाचा पडल्या तरी चालतील, पातं बदलता येतं.

सांधा
वार हळू आणि ठरलेला असेल तर लवत नाही. तलवार थांबवायची जबाबदारी मारणाऱ्याची असते, झेलणाऱ्याची नाही.

लढत
ठरलेला असतोच. पण चाळिसाव्या प्रयोगाला दमलेल्या नटाच्या हाताचं काय?

पडदा_वर
लढाई बसवणाऱ्यांनी कडेनेच झेलायचं शिकवलंय, तेव्हा तसंच लिहितो. नवीन पत्र:

"सप्रेम नमस्कार. नाटकातील लढाईच्या प्रवेशासाठी दोन प्रकारच्या तलवारी हव्या आहेत.

पहिला प्रकार, एकमेकींवर आपटणाऱ्या: ४ आणि २ राखीव, अशा ६. प्रत्येक प्रयोगात साधारण ४० वेळा पाती कडेने भिडतात. सहाही ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या एकाच पत्र्यातून कापाव्यात. पातं ७५ सेंमी, रुंदी ३५ मिमीवरून २५ मिमी, मध्ये जाडी ६ मिमी. कड ३ मिमी व पूर्ण गोल, टोक अर्धगोल. शेपटी पात्यासह अखंड, मुठीच्या शेवटपर्यंत, आतल्या कोपऱ्यांना ६ मिमी गोलाई. वेल्डिंग कुठेही नको. मूठ व लट्टू पिनांनी बसवावेत. तोल आडपट्टीपुढे ७ ते १० सेंमी, सर्व तलवारींचा सारखा. आडपट्टीची टोकं गोल. पात्यावर रंग नको, लांबीच्या दिशेने मंद पॉलिश. नायकाच्या तलवारीची फक्त मूठ पितळी दिसावी.

दुसरा प्रकार, फक्त हातात दिसणाऱ्या: ४. याही बोथट, पण वजन व आवाजाची अट नाही. चुकून लढाईत वापरल्या जाऊ नयेत म्हणून मुठीच्या तळाशी लाल खूण करावी.

आधी पहिल्या प्रकारच्या दोनच कराव्यात. त्यावर एक आठवडा तालीम करून काय बदलायचं ते कळवू, मग उरलेल्या कराव्यात. टोक आत जाणारी तलवार नको."

नेपथ्यवाली
आता कारागिराला कळेल. दोन गोष्टी घाला. नटांच्या हाताची रुंदी मोजून मुठीची लांबी द्या आणि ते हातमोजे घालणार असतील तर घालूनच मोजा. आणि पितळी मूठ भरीव नको, तोल मागे सरकेल. पितळी पत्रा चढवला तरी पुरेल.

तोलमाप
भरीव असली तरी चालेल, लट्टू तेवढा हलका करायचा. पण मग आधी वजन करून कळवायला सांगा.

तिसरी_घंटा
राखीव दोन कधी वापरायच्या? एखादी तुटल्यावरच?

कानस
नाही, आळीपाळीने. सहा तलवारींना आकडे कोरून घ्या आणि वहीत दर प्रयोगाला कुठली चार वापरली ते लिहा. ॲल्युमिनियम थकतं असं सांधा म्हणाले ते इथे लागू होतं. कुठलं पातं किती प्रयोग लढलंय हे माहीत असलं, तर एकाला तडा गेल्यावर तेवढेच प्रयोग झालेली बाकीची पातीही भिंगाखाली बघता येतात.

पडदा_वर
आकडे आणि मुठीची मापं दोन्ही पत्रात घातली. उद्या पाठवतो. पहिल्या दोन हातात आल्या की बोटावर तोलून माप इथे लिहीन.